तीनशे रुपयांचा दंड आणि पंधरा तारखेची रेघ

सदाशिव पेठेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला पोस्टात महिना ५,००० रुपयांचं आरडी उघडलं, पाच वर्षांचं. यंदाच्या मेपर्यंत सगळे हप्ते वेळेवर गेले. मग मिस्टरांचं ऑपरेशन निघालं, त्यात सुट्टीमुळे विद्यार्थी गावी गेलेले, म्हणून २०२५ चे जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते राहिले. आज ४ सप्टेंबर. दंड किती बसेल आणि शेवटी हातात किती कमी येतील? भाचा म्हणतो, दंड भरत बसू नकोस, बंद करून टाक. करू का बंद?

ताई, दंड ३०० रुपये होईल, पण १५ सप्टेंबरच्या आत भरलंत तरच. १६ तारखेला गेलात तर ५००. आणि मुदत संपल्यावर मिळणाऱ्या रकमेत एक रुपयाही कमी होणार नाही, कारण हा दंड आत्ता वेगळा भरायचा असतो, शेवटच्या रकमेतून तो कापत नाहीत. भाच्याला चहा पाजा आणि खातं चालू ठेवा. हा आकडा कुठून आला ते आता सांगतो, म्हणजे काउंटरवर गेल्यावर कुणी वेगळं सांगितलं तर तुम्हाला बोलता येईल.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की मी अठ्ठावीस वर्षं एका बँकेत होतो, त्यातली बरीचशी ठेवींच्या टेबलावर. आणि माझी बायको कोथरूडात पोस्टाची महिला बचत एजंट होती, त्यामुळे आरडीचे थकलेले हप्ते हा आमच्या घरी जेवताना निघणारा विषय. पोस्ट आणि बँक या दोन्ही ठिकाणी ‘दंड’ हाच शब्द वापरतात, पण त्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा नसतो. लोकांचा गोंधळ उडतो तो इथेच.

तुमचं खातं पोस्टाचं, म्हणून आधी पोस्ट. तुम्ही उघडलंत तेव्हा पोस्टाच्या आरडीचा दर ६.७ टक्के होता आणि तोच दर पाचही वर्षं तुमच्या खात्याला लागू राहतो, मध्ये दर वर गेला काय आणि खाली आला काय. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळतं. या दराने महिना १०० रुपयांचे साठ हप्ते भरले की ७,१३६ रुपये ५८ पैसे होतात. तुमचा हप्ता त्याच्या पन्नास पट, म्हणजे फेब्रुवारी २०२९ मध्ये ३,५६,८२९ रुपये. त्यातले तीन लाख तुमचे, ५६,८२९ व्याजाचे. कुणाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर सूत्र असं आहे:

```
M = R × [(1+i)^n − 1] / [1 − (1+i)^(−1/3)]
```

यात `R` म्हणजे महिन्याचा हप्ता, `n` म्हणजे एकूण तिमाह्या, तुमच्या बाबतीत २०, आणि `i` म्हणजे एका तिमाहीचा दर, ६.७ भागिले ४०० म्हणजे ०.०१६७५. बँकांची आरडी तपासायलाही हेच सूत्र चालतं, फक्त दर आणि मुदत बदलायची.

आता दंड. पोस्टात त्याला डिफॉल्ट फी म्हणतात. १०० रुपयांच्या हप्त्यामागे, थकलेल्या प्रत्येक महिन्याला १ रुपया. म्हणजे ५,००० च्या हप्त्याला महिना ५० रुपये. इथे बहुतेक लोक तीन हप्ते गुणिले ५० करून १५० रुपये घेऊन काउंटरवर जातात आणि तिथे ३०० ऐकून वाद घालतात. कारकुनाची चूक नसते. जूनचा हप्ता तीन महिने थकला आहे, म्हणून त्याचे १५०. जुलैचा दोन महिने, त्याचे १००. ऑगस्टचा एक महिना, त्याचे ५०. बेरीज ३००. आमच्या घरी याचा पाढाच होता: एक, तीन, सहा, दहा. एक हप्ता थकला तर शेकडा एक रुपया, दोन थकले तर तीन, तीन थकले तर सहा, चार थकले तर दहा. हप्ते एकेक करून वाढतात, दंड मात्र त्याहून भराभर वाढतो, कारण प्रत्येक नव्या महिन्यात आधीच्या सगळ्या थकलेल्या हप्त्यांवर पुन्हा एकेक रुपया चढतो.

पंधरा तारखेचं काय? पोस्टाच्या आरडीत खातं कुठल्या तारखेला उघडलं यावर हप्त्याची शेवटची तारीख ठरते. १ ते १५ मध्ये उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ तारखेपर्यंत जायला हवा. १६ किंवा त्यानंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. तुमचं ९ तारखेचं खातं, म्हणून तुमची रेघ १५ ची. ‘महिन्याच्या आत कधीही भरलं तरी चालतं’ असं शेजारीण सांगत असेल तर तिचं खातं २० तारखेला उघडलेलं असेल, तिचं तिच्यापुरतं बरोबर आहे.

म्हणजे तुम्ही १५ सप्टेंबरपर्यंत गेलात तर जून, जुलै, ऑगस्टचे १५,०००, चालू सप्टेंबरचे ५,००० आणि दंड ३००, असे एकूण २०,३०० रुपये लागतील. १६ तारखेला गेलात तर सप्टेंबरही थकलेल्यात जमा, चार हप्ते झाले, पाढ्यातला चौथा आकडा दहा, म्हणून दंड ५०० आणि एकूण २०,५००. एका दिवसाने २०० रुपये. पैशाहून मोठी गोष्ट अशी, की लागोपाठ चार हप्ते थकले की खातं ‘डिसकंटिन्यू’ होतं, म्हणजे चालू खात्यांतून बाहेर पडतं. चौथा हप्ता थकल्यापासून दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करता येतं. तुमच्या बाबतीत ही मुदत साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जाईल. पण तोवर थांबलात तर जून ते ऑक्टोबर असे पाच हप्ते थकलेले असतील आणि दंड पाच, चार, तीन, दोन, एक मिळून पंधरा पन्नास, म्हणजे ७५० होईल. थकलेले २५,०००, नोव्हेंबरचे ५,००० आणि हे ७५० असे ३०,७५० एकदम काढावे लागतील. ती मुदतही हुकली तर त्या खात्यात पुढे एकही हप्ता घेत नाहीत. तुम्ही भरलेले सोळा हप्ते, ८०,००० रुपये, बुडत नाहीत. पण पाच वर्षांनी साडेतीन लाख हातात येतील हा जो बेत होता, तो तिथेच संपतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, शेवटी किती कमी. पोस्टात थकलेला हप्ता फीसकट भरला की तो हप्ता वेळेवर आल्यासारखाच धरतात आणि मुदतपूर्तीला तक्त्यातली पूर्ण रक्कम देतात. तुम्हाला ३,५६,८२९ च मिळतील. फक्त तुमच्या खिशातून तीन लाखांऐवजी तीन लाख ३०० गेलेले असतील, म्हणून खरा फायदा ५६,८२९ ऐवजी ५६,५२९. हे ३०० तुमच्या शिलकीत जमा होत नाहीत. पासबुकात मुद्दल वीस हजारांनीच वाढलेलं दिसेल, तेव्हा ‘माझे तीनशे गेले कुठे’ असं वाटून घेऊ नका.

खरं तर तेही ३०० पूर्ण तोट्याचे नाहीत. ५,००० रुपयांवर ६.७ टक्क्यांनी महिन्याचं व्याज जवळपास २८ रुपये होतं. तुमचे हप्ते तीन, दोन आणि एक महिना उशिरा आले, म्हणजे एकूण सहा महिन्यांचं व्याज, सुमारे १६८ रुपये, पोस्टाकडे ते पैसे नसतानाही ते तुम्हाला देणार आहे. म्हणून दंडातले १६८ हे त्या व्याजाची भरपाई आणि उरलेले सव्वाशे-दीडशे हीच काय ती खरी शिक्षा. तरीही लक्षात ठेवा, शेकडा महिना १ रुपया म्हणजे वर्षाचे १२ टक्के. बचत खात्यात पैसे पडून असताना ‘नंतर एकदम भरू’ म्हणून थांबणारे लोक मी पाहिलेत. ते तिकडे ४ टक्के कमावतात आणि इकडे १२ टक्के देतात.

तुमच्याकडे आज वीस हजार एकदम नसतील तर काय? असं होऊ शकतं, ऑपरेशनचा खर्च नुकताच झालेला. अशा वेळी जेवढे जमतील तेवढे हप्ते भरा, पण सगळ्यात जुन्यापासून. पोस्टात आधी थकलेला हप्ता फीसकट आणि मगच चालू महिन्याचा, असाच क्रम लागतो. ‘ऑगस्ट राहू दे, आधी सप्टेंबरचा घ्या’ असं चालत नाही. समजा १०,२५० रुपये जमले. त्यात जूनचा हप्ता त्याच्या १५० सह आणि जुलैचा त्याच्या १०० सह बसतो. मग १६ तारखेला थकलेले हप्ते चार नसतील, ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोनच असतील, आणि खातं बंद पडण्याच्या वाटेवरून बाजूला होईल. उरलेले दोन १५ ऑक्टोबरच्या आत भरलेत तर त्यांचा दंड १५०. एकूण ४०० गेले. ३०० हून जास्त, पण चारही हप्ते तसेच ठेवून ऑक्टोबरात भरले असते तर ५०० गेले असते.

उसने घ्यायची वेळ आली तर एक वाट खुद्द या खात्यातच आहे. बारा हप्ते भरून झाले आणि खातं वर्षभर चाललेलं असलं की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दराहून २ टक्के जास्त व्याजाने. तुमचे सोळा हप्ते झालेत, तेव्हा साधारण ४०,००० पर्यंत, ८.७ टक्क्यांनी. सराफाकडे बांगडी ठेवण्यापेक्षा हे बरं. पण ही सोय डिसकंटिन्यू झालेल्या खात्याला नाही. १५ तारखेच्या आधी जायचं हे आणखी एक कारण.

नियमात आणखी एक मार्ग आहे, तो काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. थकलेले हप्ते चारहून जास्त नसतील तर जेवढे हप्ते थकले तेवढे महिने मुदत पुढे ढकलून ते हप्ते त्या वाढीव महिन्यांत भरता येतात. तुमच्या बाबतीत खातं फेब्रुवारीऐवजी मे २०२९ मध्ये संपेल. मी हा मार्ग फक्त त्यालाच सांगतो, ज्याच्याकडे पुढची दोन-तीन वर्षं थकबाकी भरायला खरोखरच पैसे नाहीत. साडेतीन लाख रुपये तीन महिने उशिरा मिळणं आणि आज ३०० रुपये देणं, यात मी ३०० देईन.

भाच्याच्या सल्ल्याबद्दल. पहिली गोष्ट, आज बंद करताच येणार नाही. पोस्टाचं पाच वर्षांचं आरडी उघडल्यापासून तीन वर्षं होईपर्यंत मोडता येत नाही, म्हणजे तुमचं फेब्रुवारी २०२७ पर्यंत. दुसरी गोष्ट, तेव्हा मोडलंत तरी ६.७ टक्के मिळणार नाहीत. मुदतीच्या एक दिवस जरी आधी बंद केलं तरी पोस्टाच्या बचत खात्याचा दर, म्हणजे सध्या ४ टक्के, लागतो. छत्तीस हप्ते, १,८०,००० रुपये, यावर ६.७ ने जवळपास १९,७०० व्याज झालं असतं. ४ टक्क्यांनी ते ११,००० च्या आसपास येतं. तीनशे वाचवायला साडेआठ हजार सोडायचे, असा तो हिशेब आहे.

आता बँकेचं सांगतो. तुमचं नसलं तरी हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांचं आरडी बँकेत असेल आणि पोस्टाचा वरचा हिशेब त्यांनी तसाच्या तसा उचलला तर फसतील.

बँकेत दंडाचा दर बँकेगणिक वेगळा. स्टेट बँकेचा जाहीर दर पाच वर्षांपर्यंतच्या आरडीला १०० रुपयांमागे महिना दीड रुपया आहे, त्याहून लांब मुदतीला दोन रुपये. लागोपाठ सहा हप्ते चुकले तर तिथे खातं मुदतीआधी बंद करून पैसे देऊन टाकतात. सहकारी बँका आणि पतसंस्था आपापले नियम ठरवतात, ते पासबुकाच्या आतल्या पानावर किंवा अर्जाच्या मागे बारीक अक्षरात असतात. पण दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो कुणी विचारत नाही: दंड घेतल्यावर बँक उशिरा आलेल्या हप्त्यावर व्याज कधीपासून धरते? हप्ता ज्या तारखेला यायला हवा होता तिथपासून, की प्रत्यक्ष आला त्या तारखेपासून? काही ठिकाणी रक्कम पोस्टासारखी पूर्णच काढतात, फक्त दंड त्यातून वजा करतात. काही ठिकाणी संगणक प्रत्यक्ष तारखेनेच व्याज मोजतो आणि वर दंडही कापतो. दुसऱ्या पद्धतीत फटका दुहेरी बसतो.

माझ्या पुतण्याचं उदाहरण देतो. हिंजवडीत नोकरीला आहे. एका बँकेत, नाव नको, अॅपवरून वर्षाचं आरडी काढलं, महिना ५,००० आणि दर साडेसहा टक्के. अॅपवर मुदतपूर्तीची रक्कम दिसत होती ६२,१४३ रुपये. मध्येच त्याने कंपनी बदलली, पगार नव्या बँकेत जमा व्हायला लागला आणि जुन्या खात्यात हप्त्यापुरती शिल्लक उरली नाही. चौथ्या आणि पाचव्या महिन्याची कपात नापास झाली. मेसेज आले असणार, पण त्याच्या फोनवर दिवसाला पन्नास मेसेज येतात. सातव्या महिन्यात कळलं आणि आठव्यात त्याने दोन्ही हप्ते भरले. म्हणजे एक चार महिने उशिरा आणि एक तीन, मिळून सात महिने. दंड शेकडा दीड रुपया, म्हणजे ५,००० ला महिना ७५, सात महिन्यांचे ५२५.

त्याला वाटलं ६२,१४३ मधून ५२५ गेले, तर ६१,६१८ मिळतील. खात्यात आले ६१,४२८. तो भडकून माझ्याकडे आला, बँकेने १९० रुपये खाल्ले म्हणून. खाल्ले नव्हते. ५,००० वर साडेसहा टक्क्यांनी महिन्याचं व्याज २७ रुपये आणि वर काही पैसे, सात महिन्यांचं १९० च्या घरात जातं. त्या बँकेत व्याज प्रत्यक्ष तारखेपासून धरत होते. नियमात ते लिहिलेलंही होतं, फक्त त्याने ते वाचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खातं काढताना मीही वाच म्हटलं नव्हतं.

वर्षभराचं पूर्ण व्याज २,१४३ होतं, त्याच्या हाती आलं १,४२८. म्हणजे एक तृतीयांश व्याज दोन हप्त्यांच्या उशिरात गेलं. तुमच्या पोस्टाच्या खात्यात तीन हप्ते थकूनही ५६,८२९ मधले ३०० च जातात. दंडाचा दर दीडपट असणं हे यामागचं छोटं कारण. मोठं कारण मुदत. वर्षाच्या आरडीत मुळात व्याजच थोडं जमतं, त्यामुळे चार-पाचशेचा दंडही त्याचा मोठा लचका तोडतो. म्हणून मी नेहमी सांगतो, की दंड हप्त्याशी नाही, शेवटच्या व्याजाशी ताडून बघा. ५,००० च्या हप्त्याला ७५ रुपये किरकोळ वाटतात, २,१४३ रुपयांच्या व्याजात ते किरकोळ राहत नाहीत.

आणि त्याने ते दोन हप्ते शेवटपर्यंत भरलेच नसते तर? मग भरलेले फक्त ५०,०००, त्यावर व्याज पावणेसतराशेच्या आसपास. बँकेच्या नियमात दंड मुदतपूर्तीपर्यंत चालू राहतो असं असेल तर चौथ्या हप्त्याचे नऊ आणि पाचव्याचे आठ, असे सतरा महिने गुणिले ७५, म्हणजे १,२७५ रुपये त्यातून जातात. वर्षभर पैसे गुंतवून हाती व्याज उरतं सुमारे ४००. अशी आरडी मी टेबलावर बंद करून दिली आहेत आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघणं सोपं नसतं.

बँकवाल्यांनी आणखी एक तपासावं. अॅपवर किंवा पावतीवर छापलेली मुदतपूर्तीची रक्कम सगळे हप्ते वेळेवर येतील असं धरून काढलेली असते. एखादा हप्ता चुकला तरी बऱ्याचदा तो आकडा तसाच दिसत राहतो. त्यावर विसंबू नका, भरलेल्या हप्त्यांची संख्या आणि तारखा बघा. आठ महिने झाले आणि हप्ते सहाच दिसत असतील तर दोन कुठे गेले ते त्याच दिवशी शोधा. शिल्लक नसल्याने आपोआप होणारी कपात नापास झाली तर काही बँका त्याचा वेगळा आकारही बचत खात्यातून घेतात. तो आरडीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

परत तुमच्याकडे येतो, ताई. तुमचे हप्ते एजंटमार्फत जातात का ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण जात असतील तर हे नीट वाचा. एजंटला तुम्ही पैसे १२ तारखेला दिलेत आणि तिने सगळ्यांची यादी एकत्र करून १७ ला पोस्टात भरली, तर पोस्टाच्या लेखी तुमचा हप्ता थकला. एजंटच्या कार्डावर तुमची १२ ची नोंद असते, पासबुकात मात्र १७ ची. पोस्ट मानतं ते पासबुक. माझ्या बायकोने याच भीतीने आपल्या सगळ्या १५ वाल्या खातेदारांकडून ८ तारखेच्या आत पैसे घ्यायची शिस्त लावली होती, तरी ऑगस्टमध्ये एकदा गडबड झालीच. १५ ऑगस्टला पोस्ट बंद असतं हे तिला माहीत होतं, पण १४ ला मशीन चालेना. त्या महिन्यात सहा जणींची फी तिने स्वतःच्या कमिशनमधून भरली. चेकचंही असंच आहे. तुम्ही चेक १४ ला दिलात तरी पोस्ट हप्त्याची तारीख धरतं ती चेक वटल्याची. १६ ला वटला की रेघ ओलांडली.

या खेपेला म्हणून रोखीने जा, स्वतः जा, आणि शक्यतो शनिवारच्या आत. काउंटरवर ‘तीन हप्ते थकलेत, फीसकट आणि सप्टेंबरचा चालू’ एवढं म्हणा. पासबुक तिथेच छापून घ्या आणि वीस हजारांची नोंद बघूनच निघा.

तुमचा धंदा ठरलेल्या महिन्यांत मंदावतो, तेव्हा हाच प्रसंग पुढच्या वर्षीही येणार. त्यावर पोस्टातच एक उपाय आहे, दंडाच्या बरोबर उलटा. निदान सहा हप्ते आगाऊ भरले तर पोस्ट सूट देतं. १०० रुपयांच्या हप्त्यामागे सहा हप्त्यांना १० रुपये, बारा हप्त्यांना ४० रुपये. तुमच्या ५,००० ला ती सूट सहा हप्त्यांवर ५०० आणि बाराला २,००० होते. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून आणि जानेवारी-फेब्रुवारीत मेस भरलेली असताना जे सुटतं ते बाजूला ठेवा, आणि मार्चच्या हप्त्याला जाल तेव्हा एकदम सहा भरा. ३०,००० च्या जागी २९,५०० द्यावे लागतील. या सहांत मार्च महिनाही धरलेला असतो, म्हणून मार्च ते ऑगस्ट सुटले आणि पुढचा हप्ता थेट १५ सप्टेंबरच्या आत.